फॅक्ट्सच्या फेसलेस चॅनलसाठी स्क्रिप्ट आणि स्टॉक फुटेजचे क्यू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फेसलेस म्हणजे बोलणाऱ्याचा चेहरा न दाखवता निवेदन आणि तयार मिळणाऱ्या क्लिप, म्हणजेच स्टॉक फुटेज, यांवर चालणारा चॅनल; आणि क्यू म्हणजे निवेदनाच्या कोणत्या शब्दावर कोणतं चित्र लावायचं याची नोंद. खालची सगळी उत्तरं एकाच नमुन्याच्या आधाराने दिली आहेत: ‘ऑक्टोपसला तीन हृदयं असतात’ या तथ्यावरचा 30 सेकंदांचा भाग. हा विषय निवडण्याचं कारण असं की यातलं अर्धं स्टॉकवर सहज सापडतं आणि अर्धं कुठेच सापडत नाही. फॅक्ट्सच्या बहुतेक व्हिडिओंची हीच अवस्था असते.

क्यूमध्ये नेमकं काय लिहायचं?

‘इथे समुद्राचा व्हिडिओ’ असं लिहिलं तर तो क्यू नसतो, ती आठवण असते. एडिट करताना त्यावरून शोधायला बसलात की तासभर जातो आणि शेवटी जे बरं दिसलं ते लागतं. क्यूमध्ये चार गोष्टी असल्या की काम भागतं: चौकटीत कोण आहे, ते काय करतंय, कॅमेरा किती जवळ आहे आणि निवेदनातल्या कोणत्या शब्दावर हे चित्र यायला हवं. उदाहरणार्थ: ‘ऑक्टोपस, तळावरून सरपटतोय, पूर्ण शरीर दिसेल इतक्या अंतरावरून, “ऑक्टोपस बहुतेक वेळ” या शब्दांवर सुरू.’ ही एक ओळ दुसऱ्या कुणाच्या हातात दिली तरी त्याला तीच क्लिप सापडली पाहिजे. क्यू जमला की नाही, हे यावरूनच कळतं.

याखेरीज सर्चमध्ये टाइप करायचे शब्द आणि क्लिपचा फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, यांना वेगळा रकाना ठेवा. फ्रेमरेटचं कारण पुढे येईल.

आधी स्क्रिप्ट लिहायची की आधी फुटेज बघायचं?

आधी तथ्यं पक्की करा, मग फुटेज धुंडाळा आणि निवेदनाची शेवटची वाक्यरचना त्यानंतर करा. पूर्ण स्क्रिप्ट रेकॉर्ड करून मग फुटेज शोधायला गेलं की हमखास एक-दोन वाक्यांना चित्रच मिळत नाही. तोपर्यंत आवाज रेकॉर्ड झालेला असल्यामुळे ते वाक्य बदलताही येत नाही. मग तिथे काहीतरी ‘चालेल’ असं चिकटवलं जातं, आणि फॅक्ट्सच्या व्हिडिओत प्रेक्षक नेमकं तेच हेरतो.

तथ्यांची यादी झाली की प्रत्येकासमोर एक खूण करा: ‘दिसतं’, ‘आकृती लागेल’ किंवा ‘दोन्ही नाही’. ऑक्टोपसच्या नमुन्यात पोहणं आणि सरपटणं दिसतं. हृदयं दिसत नाहीत, त्यांना आकृती लागेल. रक्ताचा निळेपणा दाखवायला विश्वासार्ह क्लिप मिळणं जवळपास अशक्य आहे, म्हणून तिथे शब्दांवरच भिस्त ठेवावी लागते. एवढं कागदावर आलं की कोणतं वाक्य लांबवता येईल आणि कोणतं आटोपतं घ्यायचं, हे आपोआप ठरतं.

किती मिनिटांना किती शब्द लागतात?

इंग्रजी निवेदनासाठी सांगितलेला मिनिटाला 150 शब्दांचा हिशेब मराठीला लावू नका. ‘कल्ल्यांजवळ’, ‘लोखंडाऐवजी’ अशा एकेका शब्दात मराठी बरंच काही सामावून घेते, त्यामुळे शब्द कमी आणि लांब असतात. स्वतःचा वेग मोजा: आपल्याच स्क्रिप्टमधले 100 शब्द रेकॉर्डिंगसाठी वाचतो तसे वाचा आणि घड्याळ लावा. 50 सेकंद लागले तर वेग मिनिटाला 120, म्हणजे सेकंदाला 2 शब्द. खालचा नमुना याच वेगावर बेतला आहे.

मोठ्या व्हिडिओत शब्दांमध्ये साधारण दहावा हिस्सा विरामांसाठी सोडा. 120 च्या वेगाने 8 मिनिटांत 960 शब्द बसतात, पण लिहायचे 860 ते 880. विरामाला जागाच नसेल तर एकामागून एक तथ्यं कानावर आदळतात आणि एकही लक्षात राहत नाही.

एक पूर्ण नमुना दाखवाल का?

| वेळ | निवेदन | चित्र |
|---|---|---|
| 0:00–0:02 | ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, | डोळ्याचा अगदी जवळचा शॉट |
| 0:02–0:06 | आणि तो पोहायला लागला की त्यांतलं एक थांबतं. | ऑक्टोपस पोहतोय. ‘थांबतं’ या शब्दावर चित्र गोठतं |
| 0:06–0:11 | दोन हृदयं कल्ल्यांजवळ असतात. त्यांचं काम एकच, रक्त कल्ल्यांतून ढकलणं. | शरीराची बाह्यरेखा; दोन ठिपके एकामागून एक उमटतात |
| 0:11–0:15 | तिसरं हृदय तेच प्राणवायूयुक्त रक्त सगळ्या शरीराला पुरवतं. | तीच आकृती; मधला ठिपका, त्यातून बाहुंकडे जाणाऱ्या रेषा |
| 0:15–0:17.5 | पोहताना हे तिसरं हृदय थबकतं. | पोहण्याची तीच क्लिप, कोपऱ्यात आकृती. मधला ठिपका विझतो |
| 0:17.5–0:24 | ऑक्टोपस बहुतेक वेळ तळावरून सरपटत का जातो, त्याचं हे एक कारण मानलं जातं. | तळावरून सरपटणं, एकच सलग शॉट |
| 0:24–0:30 | त्याचं रक्त निळं असतं, कारण प्राणवायू वाहून नेणाऱ्या प्रथिनात लोखंडाऐवजी तांबं असतं. | त्वचेचा जवळचा शॉट. त्यावर ‘लोखंड’ खोडलं जातं आणि ‘तांबं’ उमटतं |

निवेदनाचे शब्द 60, वेळ 30 सेकंद. चित्रं सात बदलतात, पण सामान मात्र चार क्लिप आणि एक आकृती एवढंच लागलं. पोहण्याची क्लिप दोनदा आली ती मुद्दाम. पहिल्यांदा तिने प्रश्न उभा केला, दुसऱ्यांदा उत्तर दिलं. तेच चित्र पुन्हा दिसल्यावर प्रेक्षकाला आधीचं ‘एक थांबतं’ आठवतं. प्रत्येक वाक्याला नवी क्लिप हवीच, असा आग्रह धरला असता तर हा दुवा तुटला असता.

सरपटण्याचा शॉट साडेसहा सेकंदांचा आहे आणि तो कापलेला नाही. एरवी तीन ते पाच सेकंदांत चित्र बदललेलं बरं. पण शॉटच्या आत सतत हालचाल असेल आणि वाक्य नेमकं त्याच हालचालीबद्दल असेल, तर मध्ये कट मारल्याने वाक्याचा अर्थच तुटतो.

कट नेमका कोणत्या शब्दावर मारायचा?

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, आणि फॅक्ट्सच्या वाक्यात धक्का बहुधा क्रियापदातच असतो. ‘त्यांतलं एक थांबतं’ या वाक्यात ‘थांबतं’ ऐकू येईपर्यंत प्रेक्षकाला काहीच कळलेलं नसतं. इंग्रजी व्हिडिओ बघून बसवलेली कटची लय इथे फसते, कारण तिथे क्रियापद आधीच येऊन गेलेलं असतं आणि चित्र वाक्याच्या सुरुवातीलाच उलगडतं. मराठीत तसं केलं तर चित्र उत्तर आधी सांगून मोकळं होतं आणि आवाज मागून रखडत येतो.

म्हणून दोन नियम पाळा. ज्याच्याविषयी बोलायचंय त्याचं चित्र नामाबरोबर आणा, शब्दाच्या चार-सहा फ्रेम आधी आलं तर उत्तम. जे घडतं ते मात्र वाक्याच्या शेवटच्या शब्दावर घडू द्या: चित्र गोठणं, ठिपका विझणं, अक्षरं बदलणं. क्यूमध्ये तो शब्द अवतरणात लिहून ठेवा. ‘वाक्य संपताना’ असं मोघम लिहिलं तर एडिटमध्ये घोळ होतोच.

जे कॅमेऱ्यात दिसतच नाही, त्याला कोणती क्लिप लावायची?

क्लिप लावूच नका. फॅक्ट्सच्या व्हिडिओंत सगळ्यांत जास्त चुका इथे होतात.

‘रक्त निळं असतं’ या वाक्याला पटकन सुचणारा सर्च म्हणजे `blood cells`. त्यावर लाल चकत्या वाहणारी थ्रीडी ॲनिमेशन ढिगाने मिळतात. एखादा त्याला निळा रंग चढवतो आणि काम झालं समजतो. पण ते चित्र दोन वेळा खोटं आहे. ऑक्टोपसच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं प्रथिन हेमोसायनिन आहे. आपल्या हिमोग्लोबिनसारखं ते पेशींत भरलेलं नसतं, थेट द्रवात विरघळलेलं असतं. म्हणजे त्या चकत्या तिथे नसतातच. शिवाय हा निळेपणा प्राणवायू धरलेल्या हेमोसायनिनचा असतो; प्राणवायू सुटला की ते जवळजवळ रंगहीन होतं. गडद निळ्या चकत्यांचा प्रवाह दाखवून आपण निवेदनात सांगितलेलं बरोबर तथ्य चित्रात चुकीचं करतो. आणि प्रेक्षकाला आवाजापेक्षा चित्र जास्त काळ आठवतं.

म्हणून नमुन्यात तिथे त्वचेचा जवळचा शॉट आणि वर दोन शब्द आहेत. त्वचेचा शॉट कसलाही खोटा दावा करत नाही. माहिती शब्द पोहोचवतात.

हृदयांसाठीही हाच विचार. धडधडणाऱ्या मानवी हृदयाची क्लिप लावली की प्रेक्षकाच्या डोक्यात चार कप्प्यांचं हृदय येतं. बाह्यरेखा आणि तीन ठिपके दिसायला साधे असतात, पण ते खरं तेवढंच सांगतात. अशी आकृती एकदा बनवून ठेवली की पुढच्या व्हिडिओंतही वापरता येते.

सर्चमध्ये काय टाइप करायचं?

स्टॉकच्या साइटवर टॅग बहुतांशी इंग्रजीत असतात, त्यामुळे शोधही इंग्रजीतच घ्या. प्राणी, कृती आणि ठिकाण या क्रमाने तीन शब्द पुरतात: `octopus crawling seabed`, `octopus swimming open water`, `octopus eye macro`. नुसतं `octopus` टाकलं तर ताटात वाढलेला ऑक्टोपसही येतो. `amazing` किंवा `mysterious` अशी विशेषणं टाकू नका, त्यांनी टॅग भरलेले असतात पण चित्र ठरत नाही.

मनासारखी क्लिप सापडली की ती टाकणाऱ्याच्या पानावर जा. एकाच बुडीत घेतलेले चार-पाच शॉट तिथे बहुधा असतात: तोच प्राणी, तेच पाणी, तोच प्रकाश. चार साइटवरून गोळा केलेल्या चार निळ्या-हिरव्या पाण्यांपेक्षा हे कितीतरी एकसंध दिसतं. रंग जुळवण्यात जाणारा वेळही वाचतो.

क्लिपमध्ये सांगितलेलाच प्राणी आहे, हे कसं ओळखायचं?

टॅगवर विश्वास ठेवू नका. ऑक्टोपसच्या नावाखाली कटलफिश आणि माकूळ सर्रास सापडतात. क्लिप थांबवून तीन गोष्टी बघा. पहिली, कडेने झालरीसारखा पर. कटलफिशच्या धडाभोवती तो सलग लहरत असतो. उथळ पाण्यातल्या नेहमीच्या ऑक्टोपसला तो नसतो. दुसरी, डोळ्याची बाहुली. ऑक्टोपसची आडव्या फटीसारखी, कटलफिशची इंग्रजी `W` सारखी वळणदार. तिसरी, बाहू. ऑक्टोपसला आठ असतात. कटलफिश आणि माकूळ यांना आठ बाहू आणि दोन लांब सोंडा असतात, मात्र कटलफिशच्या सोंडा एरवी आत ओढलेल्या असल्याने नुसतं मोजून फसायला होतं. म्हणून आधी पर आणि बाहुली बघायची.

पक्षी, साप, ग्रह, इमारती, कोणताही विषय असो, स्क्रिप्ट लिहितानाच क्यूशेजारी अशी एक-दोन ओळखीची लक्षणं नोंदवा. क्लिप शोधताना घाई असते, तेव्हा ती नव्याने शोधायला कुणी बसत नाही.

तथ्य तपासताना स्क्रिप्टमध्ये काय बघायचं?

आकड्यापेक्षा क्रियापद आणि ‘म्हणून’ तपासा. ‘तिसरं हृदय थांबतं, म्हणून ऑक्टोपस सरपटतो’ हे वाक्य ऐकायला छान आहे, पण ‘म्हणून’ने कारण एकच असल्याचा दावा केला. सरपटण्यामागे लपणं आहे, शिकार शोधणं आहे. त्यामुळे नमुन्यात ‘हे एक कारण मानलं जातं’ असं घेतलं. दोन-तीन शब्द वाढले, पण वाक्य खरं राहिलं.

असंच एक लोकप्रिय वाक्य म्हणजे ‘ऑक्टोपसला नऊ मेंदू असतात’. खरं तर ऑक्टोपसचा मेंदू एकच आहे. त्याच्या साधारण 50 कोटी चेतापेशींपैकी सुमारे दोन-तृतीयांश बाहूंमध्ये असतात, आणि बाहू बऱ्याच हालचाली आपापल्या सांभाळतात. ‘नऊ मेंदू’ हा त्याचा सोपा केलेला आणि मोडलेला अर्थ. ‘त्याच्या बहुतेक चेतापेशी डोक्यात नाहीत, बाहूंमध्ये आहेत’ हे वाक्य तितकंच चकित करतं, शिवाय त्याला चित्रही सहज मिळतं: एकेक बाहू वेगवेगळ्या खाचेत चाचपडतोय.

क्लिप टाइमलाइनवर टाकली की धक्के का खाते?

फ्रेमरेट जुळत नाही म्हणून. स्टॉकवर 24, 25, 30 आणि 60 असे सगळे सापडतात. 24 ची क्लिप 30 च्या टाइमलाइनवर टाकली की सॉफ्टवेअर दर सेकंदाला सहा फ्रेम जास्तीच्या बनवतं, म्हणजे दर चार फ्रेममागे एक पुन्हा दिसते. स्थिर शॉटमध्ये ते कळत नाही. पोहणाऱ्या प्राण्यात किंवा फिरणाऱ्या कॅमेऱ्यात लगेच कळतं.

निसर्गाच्या विषयांसाठी टाइमलाइन 24 ची ठेवा. मग 25 ची क्लिप 96 टक्के, 30 ची 80 टक्के आणि 60 ची 40 टक्के वेगाने चालवली की प्रत्येक फ्रेम एकदाच दिसते आणि हालचाल गुळगुळीत राहते. पाण्याखालच्या दृश्यांना हा मंदपणा शोभतोही. मात्र निवेदन वेगाबद्दल असेल तिथे क्लिप मंद करू नका. ‘झटकन’ म्हणताना चित्र तरंगत असेल तर दोन्हींवरचा विश्वास जातो. फ्रेमरेटचा रकाना क्यूमध्ये का हवा, ते यावरून लक्षात येईल: 24 ची क्लिप मंद करता येणार नाही, हे एडिटच्या आधीच माहीत असतं.

हीच क्लिप उभ्या व्हिडिओत वापरता येते का?

येते, पण मूळ क्लिप 4के असेल तरच. 3840×2160 च्या चौकटीतून 9:16 चा उभा तुकडा कापला तर 1215 पिक्सेल रुंदी मिळते, 1080×1920 ला ती पुरते. 1920×1080 मधून फक्त 607 पिक्सेल हाती लागतात आणि चित्र फुटतं. क्यू लिहितानाच ‘विषय मध्यभागी’ अशी नोंद करा, नाहीतर ऑक्टोपस डावीकडून उजवीकडे पोहत कापलेल्या भागाबाहेर निघून जातो.

परवान्याचं काय सांभाळायचं?

पेक्सेल्स आणि पिक्साबे यांच्या परवान्यात व्यावसायिक वापर चालतो आणि नाव देणं बंधनकारक नाही. पण ओळखू येणारी व्यक्ती बदनाम होईल अशा संदर्भात दाखवता येत नाही. ‘जगातले सगळ्यांत आळशी लोक’ अशा निवेदनाखाली कुणाचाही चेहरा लावू नका. विकत मिळणाऱ्या साइटवर `Editorial Use Only` अशी खूण दिसली तर कमाई सुरू असलेल्या चॅनलसाठी ती क्लिप सोडून द्या. क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये `CC BY` असेल तर वर्णनात नाव आणि परवाना द्यावाच लागतो, आणि `NC` असेल तर कमाईच्या व्हिडिओत ती वापरता येत नाही.

डाउनलोड केल्या दिवशीच क्लिपच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. टाकणारा उद्या क्लिप काढून टाकू शकतो, आणि हक्काचा दावा आला तर तेव्हा दाखवायला पान उरत नाही. फाइलच्या नावातला मूळ क्रमांक पुसू नका, त्याच्या आधी क्यूचा क्रमांक जोडा:

```
Q06_octopus-crawl_24fps_<source>-<clip-id>.mp4
```

स्टॉक फुटेज वापरलं म्हणून कमाई नाकारली जाते का?

निव्वळ स्टॉक वापरल्यामुळे नाही. यूट्यूब बघतं ते हे की तुम्ही त्यात स्वतःचं किती घातलं आणि एक व्हिडिओ दुसऱ्यापेक्षा खरोखर वेगळा आहे का. 15 जुलै 2025 पासून साच्यातून काढलेल्या, एकसारख्या मजकुरासाठीच्या धोरणाला `inauthentic content` असं नाव दिलं गेलं. ‘दहा अद्भुत तथ्यं’ हाच साचा, तेच संगीत, तीच सुरुवात आणि फक्त विषयाचं नाव बदललेलं, असे पन्नास व्हिडिओ असतील तर धोका आहे.

वरच्या नमुन्यात स्वतःचं काय आहे, ते मोजून बघा: तपासून बदललेलं एक विधान, स्वतः काढलेली आकृती, शब्दावर बसवलेलं गोठणं आणि विझणं, एका क्लिपचा विचारपूर्वक केलेला पुनर्वापर. आवाज बंद करून व्हिडिओ लावा. कोणत्याही दुसऱ्या विषयाचं निवेदन त्याच चित्रांवर खपून गेलं असतं असं वाटलं, तर क्यू पुन्हा लिहायला घ्या.